घटस्फोट झालेला नाही

धाकट्यानं पहिला तडाखा मारला तो लाकूड मोजायच्या गजानं. थोरलीला आधी दुखलं नाही, नवल वाटलं. आठ वर्षांत हा माणूस तिच्यासमोर कधी खुर्चीतही बसला नव्हता. तिनं वाढलेलं ताट दोन्ही हातांनी घ्यायचा, ‘वहिनी, मीठ बरोबर झालंय’ म्हणायचा. आता तोच माणूस वखारीच्या ऑफिसचं दार पाठीमागे लावून तिच्यापुढे उभा होता, आणि गजाच्या टोकाचं पितळी टोपण तिच्या कानाजवळून रक्त घेऊन गेलं होतं.

घरातली थोरली सून म्हणून वखारीत सगळे तिला थोरलीच म्हणत. वखार सासऱ्यांची. जमीन, करवती, पाठीमागचं राहतं घर, सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर. त्यांचे मुलगे दोन. थोरला, म्हणजे हिचा नवरा, महिन्यापूर्वी साखळी तुटून घरंगळलेल्या ओंडक्याखाली गेला. लेकाचं तसं झालेलं शरीर पाहिल्यावर म्हातारा जो आडवा झाला तो चौथ्या दिवशी गेला. मागे उरला हा धाकटा, ही थोरली आणि तिची सात वर्षांची मुलगी. मुलगी ओंडक्यांच्या राशीवर सरसर चढायची म्हणून तिचं नाव पडलं होतं खारूताई, आणि आता मास्तरीणबाईसुद्धा हजेरीत चुकून तेच म्हणत.

“मृत्युपत्र नाही,” धाकटा म्हणाला. “वखार दोघा भावांच्या दोन घरांत जाणार, असं वकील म्हणतो. पण थोरल्याचं घर असेल तर ना. तुझं आधी एक लग्न झालेलं होतं. झालेलं की नाही?”

‘तुझं’. वहिनीची ‘तू’ झाली ती इथेच.

“झालेलं,” ती म्हणाली. “ह्यांना ठाऊक होतं. मामंजींनाही.”

“तो नवरा जिवंत आहे. मी माणूस पाठवून बघितलाय. आणि तुझ्या मावशीच्या गावच्या कोर्टात घटस्फोटाच्या नोंदी काढल्या.” त्यानं खिशातून शिक्क्याचा कागद काढून टेबलावर आपटला. “तुझ्या नावाचा घटस्फोट नाही. झालाय का घटस्फोट? बोल.”

“नाही. पण कोर्टानं...”

गज तोंडावर बसला. ओठ फाटला, एक दात हलला. वाक्य तिथंच मेलं.

पुढे कितीतरी दिवस थोरलीच्या मनात हे घोळत राहिलं, की त्यानं ते वाक्य तेवढं पुरं होऊ दिलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण हात उचललेल्या माणसाला कान नसतात. त्याला हवी तेवढीच अर्धी गोष्ट त्यानं ऐकली होती, आणि उरलेली अर्धी ऐकू येऊ नये म्हणून तो मारत राहिला. खांद्यावर, पाठीवर, वर धरलेल्या हातांवर. मग तिच्यापुढे कागद सरकवला आणि पेन तिच्या सुजत चाललेल्या बोटांत कोंबलं.

“लिही. माझं आधी लग्न झालेलं आहे. माझा पहिला नवरा जिवंत आहे. माझा घटस्फोट झालेला नाही.”

तिनं लिहिलं. ‘नवरा’ या शब्दापाशी पेन थांबलं. तिथं तिनं ‘ज्याच्याशी लग्न झालं तो माणूस’ असं लिहिलं. धाकटा वाकून वाचत होता. माणूस तर माणूस, म्हणाला. सही घेतली, तारीख घेतली. कागदावर रक्ताचा थेंब पडला तो बाहीनं पुसला. पुसल्यानं तो आणखीच पसरला.

ऑफिसला वखारीच्या बाजूनं काचेची खिडकी होती. थोरलीची नजर तिकडे गेली. भुशानं धुरकटलेल्या काचेपलीकडे फळ्यांच्या थप्पीवर खारूताई उकिडवी बसली होती. ती रडत नव्हती. तोंड किंचित उघडं होतं, आणि त्या दिवसापासून पुढे बरेच दिवस त्यातून शब्द बाहेर पडला नाही.

धाकट्यानं मग घरात जाऊन तिची लोखंडी पेटी फरपटत आणली. लाकूड वाळवायच्या भट्टीचं दार उघडून पेटीतलं सगळं आत लोटलं. साड्या, लग्नाचे फोटो, नवऱ्याचा स्वेटर, तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेले कागद. त्यानं पिशवी उघडूनसुद्धा पाहिली नाही. भट्टीनं मोठा आवाज करून सगळं गिळलं.

“चल नीघ,” तो म्हणाला. “आणि त्या अनौरस पोरीला घेऊन जा.”

*

थोरलीच्या आयुष्यात हे दुसऱ्यांदा घडत होतं. कुणीतरी मारून मुटकून तिच्याकडून ‘हो’ म्हणवून घेत होतं.

पहिल्यांदा तो कुणीतरी तिचा बाप होता. ती एकोणीस वर्षांची होती. धंद्यातल्या दोस्ताला शब्द दिला म्हणून बापानं तिला तीन दिवस माळ्यावर कोंडलं, पट्ट्यानं फोडलं, आणि चौथ्या दिवशी उभी राहता येईल एवढं पाणी पाजून लग्नाला उभी केली. ती ‘हो’ म्हणाली. आठव्या दिवशी नवऱ्याच्या घरातून पळून मावशीकडे गेली. दहा महिने ती मावशीच्या स्वयंपाकघरात बसून होती, आणि बाहेर घंटा वाजली की मोरीत लपत होती. अकराव्या महिन्यात मावशी तिला हाताला धरून कोर्टात घेऊन गेली. तिथल्या वकिलानं तारखा मोजल्या आणि म्हणाला, बाई, जबरदस्ती संपल्यापासून एक वर्षाची मुदत असते. आणखी महिनाभर मोरीत बसली असतीस तर आयुष्यभर बसावं लागलं असतं.

या वेळी ती थांबली नाही. तोंड न धुता, त्याच साडीनं, मुलीला कडेवर घेऊन ती आधी पोलीस ठाण्यात गेली, मग दवाखान्यात. डॉक्टरांनी ओठाला चार टाके घातले आणि प्रत्येक वळाची लांबी लिहिली. तिथून ती कोर्टासमोरच्या गल्लीत, जिना चढून एका वकीलबाईंच्या खोलीत पोचली तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

वकीलबाई पासष्टीच्या. काळा कोट खांद्यांवर विटलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आधी वीस वर्षं त्या शाळेत शिकवत होत्या, मग वकिली केली; त्यामुळे न्यायाधीशांशीही त्या पाढे न आलेल्या मुलाशी बोलावं तशा बोलत, न चिडता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कागदावर नेमकं काय लिहिलं ते थोरलीकडून शब्द न् शब्द दोनदा म्हणून घेतलं. मग एकदम हसल्या. फाटक्या ओठाच्या बाईसमोर हसल्याबद्दल लगेच त्यांनी माफीही मागितली.

“अगं, घटस्फोट झालेला नाही हे खरंच आहे की,” त्या म्हणाल्या. “तुझं ते लग्न कोर्टानं रद्द ठरवलं होतं. रद्द झालेल्या लग्नाचा घटस्फोट कुठून होणार? यानं तुला मारून मारून खरं लिहून घेतलंय.”

थोरलीला हसू आलं नाही. रद्द केल्याचा हुकूमनामा त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, ती म्हणाली. भट्टीत गेला.

“तुझ्याकडची नक्कल जळली. कोर्टाचा हुकूमनामा तुझ्या पेटीत राहत नाही.” त्यांनी खारूताईकडे पाहिलं. पोर खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती, डोळे आईच्या ओठावर. वकीलबाईंनी प्रश्न आईला विचारला, उत्तर मुलीला दिलं. “हिला अनौरस म्हणाला ना तो? ये गं इकडे. वखारीतली आहेस, तुला लवकर कळेल. एक फळी आतून पोकळ, वाळवीनं खाल्लेली. दिसायला फळी, पण ती पहिल्या दिवसापासून फळी नाहीच. तिला मोडावी लागत नाही. कुणीही बोट घालून दाखवू शकतं. तसं लग्न म्हणजे शून्य लग्न. एकाचं लग्न चालू असताना त्यानं दुसरं केलं, तर दुसरं शून्य. आता दुसरी फळी. हिला तडा आहे, पण वजन पेलते. जिनं ती विकत घेतली तिनं मुदतीत सांगितलं, मला ही नको, तर दुकानदार परत घेतो. तिनं काहीच म्हटलं नाही, तर ती फळी चांगली, घरात लावलेली. शेजाऱ्यानं येऊन तडा दाखवला तर त्याला कुणी विचारत नाही. जबरदस्तीनं लावलेलं लग्न असं असतं. आईचं पहिलं लग्न तड्याचं होतं. आईनं मुदतीत सांगितलं, कोर्टानं परत घेतलं, मग आईनं तुझ्या बाबांशी लग्न केलं. तेव्हा आधीचं कुठलंच लग्न शिल्लक नव्हतं.”

खारूताईनं काहीच विचारलं नाही. वकीलबाई पुढे म्हणाल्या, “आणि फळी कुठलीही असो, तिच्यावर बसलेलं पाखरू खोटं नसतं. हे लक्षात ठेव.”

मग त्यांनी थोरलीला बाजूला नेलं आणि खरी भीती सांगितली. पोर काहीही झालं तरी औरस आहे. लग्न शून्य ठरलं तरी कायदा मुलांना औरसच धरतो. पण तसं ठरलं तर त्या मुलाचा हक्क फक्त आईबापाच्या मालमत्तेपुरता. आजोबांच्या नाही. आणि इथं बाप आजोबांच्या आधी गेला. बापाच्या नावावर एक फळीसुद्धा नव्हती.

“म्हणजे लग्न खरं ठरलं तर तुम्हा दोघींना थोरल्याचा अख्खा वाटा. शून्य ठरलं तर पोरीला बापाचं नाव आणि रस्ता. तो हुकूमनामा आणायलाच हवा.”

वकीलबाईंच्या ऑफिसमागे एक खोली होती, जुन्या खटल्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेली. गठ्ठे भिंतीला सारून मायलेकींनी तिथं बिऱ्हाड केलं.

*

मावशीच्या गावच्या कोर्टातली अभिलेखांची खोली तळघरात होती. तिथल्या कारकुनानं घटस्फोटांची नोंदवही चाळली, नाही म्हणाला. त्यानं हेच उत्तर महिन्यापूर्वी एका गृहस्थांनाही दिलं होतं, शिक्क्यासकट.

“बरोबर दिलंत,” वकीलबाई म्हणाल्या. “त्यांनी घटस्फोट मागितला, तुम्ही घटस्फोट शोधलात. आता विवाह रद्द करण्याच्या अर्जांची वही काढा. ती पातळ असते.”

पातळ वहीत नोंद होती. पण गठ्ठा सापडेना. कारकून म्हणाला की इतक्या वर्षांनी खटल्याचे कागद नष्ट करतात. अर्ज, जबान्या, पत्रव्यवहार, सगळं यंत्रात घालून चुरा. थोरलीच्या डोळ्यांपुढे भट्टीचं दार पुन्हा उघडलं.

“जबान्या नष्ट करतात,” वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. “निकाल आणि हुकूमनामा कायम ठेवतात. ते वेगळ्या कपाटात असतात. किल्ली तुमच्याच कमरेला असेल.”

किल्ली टेबलाच्या खणात निघाली. कपाटात लाल फडक्यात बांधलेले हुकूमनामे होते, आणि त्यांत तिचा होता. तिची संमती जबरदस्तीनं घेतली गेली होती हे सिद्ध झाल्यानं विवाह रद्द ठरवण्यात येत आहे. तारीख तिच्या दुसऱ्या लग्नाच्या पाच महिने आधीची. अपील कुणी केलेलं नव्हतं. तिच्या बापानं पट्ट्यानं काय केलं ते सांगणारी तिची जबानी केव्हाच चुरा झाली होती. उरली होती ती ही तीन पानं.

शिक्क्याची नक्कल घेऊन त्या परतल्या. थोरलीच्या वाटणीच्या दाव्यात धाकट्यानं तोवर आपलं म्हणणं कोर्टात दिलं होतं, की हे लग्न शून्य आहे, मी एकटाच वारस आहे, आणि पुरावा म्हणून तिच्या हस्ताक्षरातला रक्ताळलेला कागद. वकीलबाईंनी नक्कल रीतसर दाखल केली, एक प्रत त्याच्या वकिलाला दिली. त्या वकिलानं ती वाचून दाखवली असणार. कारण दुसऱ्याच दिवशी सकाळी धाकटा गल्लीतला जिना चढून आला. हातात तोच गज.

वकीलबाई नुकत्याच कुलूप काढून दार उघडत होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाल्या, “बाळा, पोलिसांनी मारहाणीच्या केसमध्ये तुला जामिनावर सोडलंय. तिच्याजवळ फिरकायचं नाही ही अट विसरलास?”

त्यानं गज उगारला. त्यांनी चेहरा वाचवायला हात पुढे केला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज थोरलीला आतल्या खोलीत ऐकू आला. वाळकी ढलपी मोडावी तसा. ती बाहेर आली तेव्हा वकीलबाई दारापाशी बसल्या होत्या आणि धाकटा दुसरा घाव उचलत होता. थोरलीच्या हाताशी काहीच नव्हतं. जुन्या खटल्याचा जाडजूड गठ्ठा होता. तो तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या दिराच्या छातीवर सगळ्या ताकदीनं हाणला. तो तोल जाऊन पाठीवर आपटत, गडगडत खाली गेला. डोकं कठड्याला लागून फुटलं. खाली गल्लीत चहावाल्यानं आणि टायपिस्टनं मिळून त्याला धरून ठेवलं. गठ्ठ्याचे कागद जिनाभर उडत होते.

“कुठली केस होती गं?” वकीलबाईंनी पांढऱ्या पडलेल्या ओठांनी विचारलं.

थोरलीनं एक पान उचलून पाहिलं. “शेजारच्या भिंतीची.”

“मग ठीक. त्यात दम नव्हता.”

पोलिसांनी त्याला पुन्हा धरलं. जामीन रद्द होऊन तो तीन आठवडे आत बसला. मग पुन्हा सुटला. थोरलीनं खोलीच्या दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतली.

*

सुनावणीच्या दिवशी वकीलबाई प्लॅस्टरमध्ये आल्या. न्यायाधीशांनी तारीख पुढे द्यावी का विचारलं. हात मोडलाय, वाद तोंडानं घालायचाय, त्या म्हणाल्या.

थोरली साक्षीला उभी राहिली. धाकट्याच्या वकिलानं तो कागद तिच्यापुढे धरला. हे अक्षर तुमचं? माझं. यात लिहिलंय ते खरं? खरं. घटस्फोट झाला नाही? नाही झाला. त्याचा वकील क्षणभर आनंदानं थांबला, कारण दाखल झालेली नक्कल असूनही माणसाला आशा असते. थोरली पुढे बोलली, आणि या वेळी तिला कुणी मारलं नाही. तिनं कित्येक आठवड्यांपूर्वी अर्ध्यावर मेलेलं वाक्य पुरं केलं.

“पण कोर्टानं ते लग्न रद्द केलं होतं.”

हुकूमनामा वाचला गेला. दोन्ही तारखा शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या.

त्याच्या वकिलानं मग दुसरी वाट धरली. लग्नाच्या नोंदवहीत हिनं स्वतःला ‘अविवाहित’ लिहिलंय. आधीचं सगळं माझ्या अशिलाच्या भावापासून लपवलं. ही फसवणूक आहे. फसवणुकीनं झालेलं लग्न रद्द व्हायला पाहिजे.

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी विचारलं, फसवणूक झाली असं गृहीत धरलं तरी रद्द करा म्हणून अर्ज कुणी करायचा? उत्तरही त्यांनीच दिलं, ज्याची फसवणूक झाली त्यानं, म्हणजे नवऱ्यानं. तेही कळल्यापासून एका वर्षात. तो आठ वर्षं या बाईबरोबर नांदला आणि वारला. असं लग्न रद्द होईपर्यंत वैधच असतं. रद्द करणारा आता कुणी उरलेला नाही. भावाला तो अधिकार कधीच नव्हता.

धाकटा मागून मोठ्यानं काहीतरी म्हणाला. त्यात ‘अनौरस’ हा शब्द होता.

“या कोर्टात तो शब्द पुन्हा वापरू नका,” न्यायाधीश म्हणाले. “हे लग्न वैध आहे. आणि उद्या ते शून्य जरी ठरलं असतं, तरी ही मुलगी औरसच राहिली असती. आईबापांच्या चुकीचा दंड कायदा मुलांकडून वसूल करत नाही.”

निकाल दोन आठवड्यांनी आला. वखारीचे आणि घराचे दोन वाटे. एक धाकट्याचा, एक थोरलीचा आणि तिच्या मुलीचा. मोजणी करून हद्द आखायला कोर्टाचा कमिशनर जाणार होता.

*

कमिशनर म्हणजे एक सावकाश चालणारा, टोपीवाला माणूस. हातात फीत, बगलेत फाइल. बरोबर एक हवालदार. थोरली खारूताईचं बोट धरून वखारीच्या फाटकातून आत आली तेव्हा दोन चाकांवर फिरणाऱ्या लांब पात्याची मोठी करवत चालू होती. कामगार मात्र सगळे हात बांधून भिंतीशी उभे होते.

करवतीपाशी धाकटा एकटा होता.

“वाटणी हवी ना?” तो ओरडला. “घ्या वाटणी. सगळ्याचे दोन-दोन.”

त्यानं सासऱ्यांची खुर्ची करवतीत घातली होती. ती कर्कश आवाज करत उभी चिरली गेली आणि दोन अर्ध्या खुर्च्या दोन बाजूंना कोसळल्या. त्यापाठोपाठ पाट. मग फळा, ज्यावर थोरला रोजची कामं खडूनं लिहायचा. शेवटच्या दिवसाची अक्षरं अजून त्यावर होती. ती मधोमध कापली गेली. कमिशनर दुरून काहीतरी समजावत होता. हवालदार पुढे जायला धजेना. पात्यापासून दोन हातांवर उभ्या असलेल्या वेड्या माणसाला कोण धरणार? धाकट्याच्या अंगावर भुसा, केसांत भुसा, डोळे लाल. त्यानं आता ऑफिसचं टेबल ओढत आणलं. त्याच टेबलावर तिनं तो कागद लिहिला होता.

जुनं लाकूड करवतीत घालायचं नसतं, हे वखारीतल्या मांजरालाही कळतं. घालायचंच तर आधी हात फिरवून, ठोकून, एकेक खिळा उपटून. सासऱ्यांनी दोन्ही मुलांना लहानपणी हे कानफटात मारून शिकवलं होतं, आणि नातीला न मारता. टेबल पन्नास वर्षांचं होतं. त्याच्या पायांत तळहाताएवढे खिळे होते.

थोरलीला आपल्या बोटांतली चिमुकली बोटं ताठ झाल्याचं जाणवलं.

“काका, खिळा!”

काही महिन्यांनी फुटलेला तो आवाज चिरका होता, पण मोठा होता. धाकट्यानं मान वळवली. टेबल तोवर पात्याला भिडलं होतं.

मोठा स्फोट व्हावा तसा आवाज झाला. पातं तुटून चाबकासारखं उसळलं. त्याचं एक टोक छताच्या पत्र्यात घुसलं आणि दुसऱ्यानं धाकट्याचा उजवा हात कोपराखाली हाडापर्यंत उघडला. तो खाली पडला. सदऱ्याची बाही तुटक्या पात्याच्या दात्यांत अडकली होती, चाक अजून फिरत होतं, आणि ते त्याला हातासकट यंत्राकडे खेचत होतं. रक्त भुशात मिसळून काळं होत होतं.

“वहिनी!” तो ओरडला. “वहिनी, बटण!”

थोरली अर्धा श्वास उभी राहिली. तो अर्धा श्वास किती लांब होता ते तिनं पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. त्यात गज होता, भट्टी होती, काचेपलीकडे उघडं राहिलेलं एक तोंड होतं. चाकानं त्याला आणखी वीतभर ओढलं.

मग ती धावली आणि भिंतीवरचा खटका दोन्ही हातांनी खाली पाडला.

चाक हळूहळू थांबलं. तिनं बाही फाडून हात सोडवला, स्वतःचा पदर दातानं फाडून कोपराच्या वर करकचून बांधला, त्यात अर्ध्या खुर्चीची एक दांडी घालून पिळली. धाकटा दात खाऊन तिच्याकडे बघत होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती. कमिशनरला तिनं म्हटलं, “तुम्ही मोजणी चालू ठेवा. आणि जे जे कापलं गेलंय ते त्याच्या वाट्यात लिहा.”

दवाखान्यात तेच डॉक्टर होते, ज्यांनी तिचा ओठ शिवला होता. त्यांनी तिला ओळखलं, खाटेवरच्या माणसाकडे पाहिलं, आणि हातमोजे चढवले. हवालदारानं बाहेर येऊन सांगितलं की मारहाणीच्या दोन्ही केसेस चालू आहेत, पण आता या परिस्थितीत बाईंचा काही वेगळा विचार असेल तर...

“नाही,” थोरली म्हणाली. “दोन्ही चालू राहू देत. तारखेला तो येईल. चालत येईल, हात लागत नाही.”

नर्स फॉर्म घेऊन आली. शस्त्रक्रियेला सही लागणार होती. हात वाचेल की नाही सांगता येत नव्हतं. नाव, वय, पत्ता तिनं भराभर विचारून घेतलं. मग पेन थांबवून वर पाहिलं.

“सही करणाऱ्याचं रुग्णाशी नातं?”

खारूताई आईच्या मांडीवर बसून तो रकाना वाचत होती. नुकतंच तिला जोडाक्षर वाचता यायला लागलं होतं. तिनं आईकडे पाहिलं.

“मी त्याची वहिनी,” थोरली म्हणाली. आणि सही केली, तारीख घातली.